दोन तास चाळीस मिनिटं

मावशीचं लग्न 1992 च्या मे महिन्यात झालं, किल्लारीपासून जवळच असलेल्या आमच्या आजोळी. त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तीसेक वर्षं मावशीच्या लातूरच्या घरी लोखंडी कपाटात होती, जुन्या शालूच्या घडीखाली. लग्नानंतर दीड वर्षाच्या आत, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात ते गाव गेलं. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. माझी आजी त्यात गेली. पुढं गाव नव्या जागी वसलं, सरळ रेषेतल्या रस्त्यांचं. जुनं गाव चालतंबोलतं पाहायचं तर आमच्याकडं ती एकच कॅसेट.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती नांदेडला आणली आणि डिजिटल करून द्यायला एका दुकानात टाकली. सोबत घरातल्या आणखी चार कॅसेटी आणि मामेभावाच्या 2004 च्या लग्नाच्या तीन व्हीसीडी होत्या. आठ दिवसांनी दुकानदारानं हार्डडिस्क हातात ठेवली. "ताई, फोर-के मध्ये करून दिलंय. फाईली लई मोठ्या झाल्यात, पण क्वालिटी बघा." मावशीच्या लग्नाची दोन तास चाळीस मिनिटांची एकच फाईल 60 जीबीची होती. पाचही कॅसेटी मिळून 300 जीबीच्या घरात गेल्या. घरातल्या लॅपटॉपवर चित्र अडखळत होतं, टीव्ही ती फाईल ओळखतच नव्हता. मामेभावानं झिप करून पाहिलं, तर 60 जीबी जवळपास 60 जीबीच राहिले. व्हिडिओ आधीच दाबून बसवलेला असतो, झिपला पिळून काढायला त्यात काही उरलेलं नसतं.

ते 60 जीबी भरले होते कशानं, याचा शोध घेताना मी या विषयात शिरले.

आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टेपचं चित्र डिजिटल करताना ते 720 बाय 576 ठिपक्यांत बसवतात. फोर-के म्हणजे 3840 बाय 2160. गुणाकार केला तर बरोबर 20 पट ठिपके होतात. म्हणजे दर 20 ठिपक्यांतला एक टेपवरून आलेला आणि बाकीचे 19 सॉफ्टवेअरनं शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरलेले. प्रत्यक्षात टेपकडं 720 ठिपके भरण्याइतकाही मजकूर नसतो. 1976 साली बाजारात आलेल्या व्हीएचएस पद्धतीत एका आडव्या ओळीत साधारण सव्वातीनशे ठिपक्यांएवढाच तपशील मावतो आणि रंगाचा तर त्याहून कितीतरी कमी. मावशीच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो तो त्यामुळंच. फोर-के केल्यानं तो लाल आत येत नाही, सांडलेला लालच 20 पट जागेत साठवला जातो.

दुकानातल्या फाईलचे आणखी दोन दोष मला नंतर कळले. पहिला साध्या डोळ्यांना दिसतो. चित्र जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं, म्हणजे चारास तीन असं असतं; ते ताणून आजच्या रुंद पडद्यावर बसवलं होतं. सगळी वऱ्हाडी मंडळी बुटकी नि रुंद दिसत होती आणि नवरदेवाच्या डोक्यामागचा गोल आरसा अंडाकृती झाला होता. ताणलेलं चित्र ओळखायचं तर चित्रात कुठं गोल वस्तू आहे ती पाहावी: ताट, घागर, सायकलचं चाक.

दुसरा दोष खोल आहे. टेपवरचं चित्र अख्खं नसतं. सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात, एकात विषम ओळी, पुढच्यात सम ओळी, आणि प्रत्येक अर्धं चित्र आधीच्या अर्ध्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं टिपलेलं असतं. जुना टीव्ही ती तशीच एकामागून एक दाखवायचा. आजच्या पडद्यासाठी ती उलगडावी लागतात. नीट उलगडली तर सेकंदाला 50 पूर्ण चित्रं मिळतात आणि हालचाल टेपवर होती तशी राहते. उलगडलीच नाहीत तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. दुकानात त्या रेघा घालवायला दोन-दोन अर्धी चित्रं एकमेकांत मिसळून सेकंदाला 25 केली होती. रेघा गेल्या, पण अर्धी हालचालही गेली. लेझीम खेळणाऱ्या पोरांना चार-चार हात फुटले होते.

ती फाईल लहान करून उपयोग नव्हता. बिघाडच लहान झाला असता. कॅसेट पुन्हा उतरवणं भाग होतं.

लातुरात गंजगोलाईच्या अलीकडं व्हीसीआर दुरुस्त करणारे एक काका आहेत, असं मावशीनं सांगितलं. जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती शेवटची कंपनी होती. तेव्हापासून काका जुनी यंत्रं आणून एकाचे भाग दुसऱ्याला लावतात. त्यांनी कॅसेट यंत्रात घातली नाही. आधी झडप उघडून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का ते पाहिलं. ती बुरशी. ती यंत्राच्या हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आपल्या कोरड्या हवेनं आमची टेप वाचली होती. मग त्यांनी ती एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं गुंडाळून घेतली, हेड साफ केलं आणि व्हीसीआर नि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला.

"हा कशाला, काका?"

"टेप ताणली जाते, लाईन हलते. कॉम्प्युटरला हलती लाईन कळत नाही, तो फ्रेम टाकून देतो. हा मध्ये बसून लाईन सरळ करून देतो."

टाकून दिलेल्या फ्रेम दिसत नाहीत, ऐकू येतात. सुरुवातीला सनईचे सूर नि सनईवाल्याची बोटं जुळतात, तासाभरानं बोटं पुढं आणि सूर मागं. याचा हिशेब सोपा आहे. 2 तास 40 मिनिटं म्हणजे 9600 सेकंद, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 2 लाख 40 हजार फ्रेम व्हायला हव्यात. काकांच्या यंत्रावर आकडा पुरेपूर जुळला. फ्रेमची उंची 576 आहे की 480, हेही त्यांनी दाखवलं. स्वस्तातली यूएसबी जोडणी पुष्कळदा अमेरिकन मापावर लावलेली असते. 480 दिसलं की आपल्या टेपच्या ओळी गळाल्या असं समजावं.

उतरवताना एकही ठिपका न गाळणारी पद्धत वापरली. तिला एफएफव्ही1 म्हणतात. जगातले चित्रसंग्रह ती वापरतात आणि 2021 साली तिचं तपशीलवार वर्णन खुल्या दस्तऐवजात प्रसिद्ध झालं, त्यामुळं पन्नास वर्षांनीही ती उलगडणारं सॉफ्टवेअर कुणालाही लिहिता येईल. शिवाय फ्रेमच्या प्रत्येक तुकड्यासोबत एक तपासणी आकडा राहतो, डिस्कवर एखादा भाग सडला तर तो नेमका कुठं ते कळतं. काकांच्या यंत्रातून आलेल्या कच्च्या फाईलवर हा हुकूम चालवला:

```
ffmpeg -i capture.avi -c:v ffv1 -level 3 -g 1 -slices 16 -slicecrc 1 -c:a flac lagna_mul.mkv
```

फाईल झाली 80 जीबी.

मी हबकलेच. 60 जीबी जड होतात म्हणून लातूर गाठलं आणि 80 घेऊन निघाले. पण या 80 जीबीत प्रत्येक ठिपका टेपवरून आलेला होता, आणि त्यातून पाहायची छोटी प्रत कितीही वेळा नव्यानं काढता येणार होती.

त्या छोट्या प्रतीत खरी गंमत आहे. लातूरच्या अडतीतला दिवाणजी रोज पूर्ण यादी लिहीत नाही. काल होतं ते तसंच आहे असं धरतो आणि बदललेल्या मालाचीच नोंद करतो. एच264 ही व्हिडिओ दाबण्याची पद्धत तशी चालते. मागची भिंत हलली नाही तर "आधीचीच भिंत" एवढंच लिहायचं. माणूस सरकला तर "तोच तुकडा, इतका उजवीकडं" असं लिहायचं. म्हणून 80 जीबीचं चित्र पाच-सहा जीबीत मावू शकतं. पण व्हीएचएसच्या चित्रावर सतत बारीक मुंग्या फिरत असतात आणि त्या दर फ्रेमला नव्या असतात. दिवाणजीला भिंत रोज बदललेली दिसते, तो रोज सगळी भिंत लिहितो. रात्रीच्या वरातीत एका हॅलोजनच्या उजेडात केलेल्या शूटिंगमध्ये मुंग्या सर्वांत जास्त, म्हणून ज्यात धड काही दिसत नाही तीच दृश्यं फाईलमध्ये सर्वांत जास्त जागा खातात. फाईल फुगते ती मुख्यतः या मुंग्यांनी.

मग मुंग्या पुसल्या तर? तेच केलं. मुंग्या घालवणारी चाळणी चांगली कडक लावली, दाबही जास्त दिला. 80 जीबीचे 2 जीबी झाले. चित्र गुळगुळीत, टीव्हीवर सुरळीत चालणारं. पेनड्राइव्हवर घालून मी ते आजोळी, नव्या गावात, मामांकडं नेलं.

मामा पहिला अर्धा तास काही बोलले नाहीत. वेस आली, मारुतीचं देऊळ आलं, वाड्याचा दरवाजा आला. मग मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी थांबवायला सांगितलं.

"इथं मागं दारात माय उभी होती."

दारात एक गडद पट्टा होता, माणूस नव्हता.

आजी विधवा होती. मुलीच्या लग्नात ती मांडवात आली नाही, कन्यादान चुलत आजोबांनी केलं. ती ओसरीच्या आतल्या दारात, अंधारात उभी राहिली. शूटिंगवाल्यानं तिच्यावर कॅमेरा धरला नाही. नवरा-नवरीवर धरलेल्या कॅमेऱ्यात ती मागं आपोआप आली. मामांनी पूर्वी व्हीसीआरवर पाहताना ती पाहिली होती.

घरी येऊन मी तोच क्षण मूळ फाईलमध्ये उघडला. आजी होती. मुंग्यांच्या पडद्याआड, काळ्यावर करड्या रंगाची, 14 सेकंद. चाळणीनं तिला पुसलं होतं.

हे कसं होतं ते समजून घेतल्यावाचून मला चैन पडेना. चाळणी एकच प्रश्न विचारते: हा ठिपका मागच्या फ्रेमपेक्षा किती बदलला? थोडाच बदलला असेल तर ती त्याला मुंगी मानते आणि आधीच्या रंगात मिसळून टाकते. उजेडातली नवरी हलते तेव्हा बदल मोठा असतो, ती वाचते. अंधारातली बाई हलते तेव्हा काळ्यातून करड्यात जाण्याएवढाच बदल होतो आणि तो मुंगीएवढाच असतो. त्यावर दाबताना कॉम्प्युटरही अंधाऱ्या कोपऱ्यात काटकसर करतो. कोपऱ्यातली, अंधारातली, मागं उभी असलेली माणसं अशी सर्वांत आधी जातात.

चाळणी काय खाते ते पाहण्याचा एक उपाय काकांनी सांगितला आणि तो मी आता प्रत्येक कॅसेटला करते. मूळ चित्रातून चाळलेलं चित्र वजा करायचं आणि जे उरतं ते उजळ करून पाहायचं. उरलेल्यात नुसत्या मुंग्या असतील तर चाळणी ठीक. त्यात नाकडोळे, साडीचा काठ, हाताची कड दिसायला लागली तर ती माणसं खाते आहे. आमच्या 2 जीबीच्या प्रतीतून उरलेल्या चित्रात दाराच्या चौकटीत आजीची पूर्ण आकृती होती. जे फेकलं होतं, त्यात ती स्पष्ट दिसत होती.

चाळणी सैल करत गेले, वजाबाकी पाहत गेले. शेवटी ठरलेला हुकूम असा:

```
ffmpeg -i lagna_mul.mkv -vf "bwdif=mode=send_field,crop=704:564:8:0,hqdn3d=1:1:2:2,scale=768:564,setsar=1" -c:v libx264 -preset slow -crf 18 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 128k -movflags +faststart lagna.mp4
```

यातला `bwdif` अर्धी चित्रं उलगडून सेकंदाला 50 करतो. `crop` दोन्ही बाजूंच्या काळ्या कडा आणि खालच्या 12 ओळी कापतो. व्हीएचएसच्या तळाशी नेहमी एक थरथरणारी फाटकी पट्टी असते, जुन्या टीव्हीत ती चौकटीआड लपायची, आणि ती साठवण्यात जागा फुकट जाते. `scale` चित्राला त्याचं खरं चारास तीन माप देतो, त्यामुळं आरसा पुन्हा गोल झाला. `hqdn3d` ही चाळणी, अगदी हलकी. `crf` हा दाबाचा आकडा: जितका लहान तितकी फाईल मोठी आणि चित्र मुळाशी प्रामाणिक. टीव्हीवर दिवसाच्या उजेडातल्या बारशाला 22 चालेल, अंधाऱ्या लग्नाला 18 च्या वर मी जाणार नाही. फाईल 5 जीबी झाली. एच265 नं आणखी थोडी लहान झाली असती, पण मुंग्या राखायच्या म्हटल्यावर तिचा फायदा आटतो आणि मामांच्या टीव्हीला ती चाललीही नसती.

प्रश्न उरला 80 जीबीच्या मुळाचा. आधी माझा विचार असा होता की गावाची 11 मिनिटं, वेस ते वाडा, तेवढीच न गाळता ठेवावी. त्याचे साडेपाच जीबी होतात. बाकी सगळं 5 जीबीच्या प्रतीत आहेच. हिशेबाला हे चोख होतं. मी मामांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "पंगत कुणी काढायची त्यातून?" पंगतीत बसलेल्यांपैकी कितीतरी जण दीड वर्षानं गेले. पंगतीतला कुठला कोपरा आणि कोणाचा चेहरा कमी प्रतीचा चालेल, हे ठरवायचा हक्क मला नव्हता. ती टेप पूर्ण ठेवली. बाकी चार कॅसेटींचं, म्हणजे 1999 ची मुंज, दोन बारशी आणि एक साखरपुडा, मूळ न राखता प्रत्येकी दोन-अडीच जीबीच्या प्रती ठेवल्या. त्यांतली माणसं बहुतेक आहेत, घरं उभी आहेत. सगळं मिळून शंभर जीबीच्या आत आलं, आधी 300 होते.

व्हीसीडींचं काम अगदी सोपं होतं. दुकानात त्याही मोठ्या करून प्रत्येकी 12 जीबीच्या केल्या होत्या. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, आधीच खूप दाबलेलं. ते पुन्हा दाबलं की डाग गडद होतात. `MPEGAV` फोल्डरमधली `AVSEQ01.DAT` ही फाईल आहे तशी उचलून ठेवायची, व्हीएलसीत चालते. तिन्ही मिळून 2 जीबी. डीव्हीडीचंही तसंच. एका थराच्या डिस्कवर फार तर 4.7 जीबी असतात, त्यांना हात न लावता `VIDEO_TS` मधले तुकडे जोडून घ्यावेत:

```
copy /b VTS_01_1.VOB+VTS_01_2.VOB lagna.mpg
```

नावात शेवटी शून्य असलेला तुकडा मेनूचा असतो, तो घ्यायचा नाही. आणि डिस्कची घाई करावी, कॅसेटीपेक्षा जास्त. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते, तो ऊन नि उष्णता यांनी उडतो. पत्र्याखालच्या खोलीत मराठवाड्याचा मे काढलेली डिस्क वरून चकचकीत दिसते आणि आतून कोरी होत असते. आमच्या तीनपैकी एक शेवटच्या दहा मिनिटांत अडकली, ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली गेली.

आता मूळ फाईल तीन ठिकाणी आहे: माझ्याकडं नांदेडला, मावशीकडं लातूरला आणि मामांच्या घरी. पेनड्राइव्हवर नाही, तो वापराविना पडून राहिला की हळूहळू विसरतो. तिन्ही डिस्कवर ही एक ओळ वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, चालवायची ठरली आहे:

```
certutil -hashfile lagna_mul.mkv SHA256
```

येणारा आकडा पहिल्या दिवशी डिस्कच्या खोक्यावर लिहून ठेवलेल्या आकड्याशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. एक जरी अक्षर वेगळं आलं तर ती डिस्क खराब होते आहे, दुसरीवरून नवी करून घ्यायची.

5 जीबीची प्रत घेऊन मी पुन्हा मामांकडं गेले. या वेळी मावशीही होती. मंगलाष्टकं सुरू झाली तसे मामा उठून टीव्हीजवळ गेले. दारातली आजी या खेपेला होती, मुंग्यांसकट. शेवटच्या मंगलाष्टकाला मांडवातले सगळे हात वर गेले. मामांनी पडद्यावर दारापाशी बोट ठेवलं.

"माय नुसती उभी नाही," ते म्हणाले. "मागं घे बरं. अक्षता टाकायलीय ती."

मी मागं घेतलं. करडी मूठ पदराखालून वर येते, उघडते, खाली जाते. एवढ्याला सेकंदही लागत नाही. मावशीला ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिची पाठ त्या दाराकडं होती.